मोबाईल डेटावर व्हॉट्सॲपचे फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणे थांबवणे आणि कॉलचा डेटा कमी करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्या घरी वाय-फाय नाही आणि ज्यांचा सगळा कारभार रोजच्या दीड-दोन जीबीच्या रिचार्जवर चालतो, अशा अँड्रॉइड फोनधारकांना डोळ्यासमोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. मुख्य भर व्हॉट्सॲपवर आहे. टेलिग्राम, सिग्नल आणि आयफोन यांच्याबद्दल शेवटी आवश्यक तेवढे सांगितले आहे. पडद्यावर दिसणारी नावे इंग्रजीतच दिली आहेत. आपल्या फोनची भाषा मराठी असेल तर तीच नावे मराठीत दिसतील, मात्र पर्यायांचा क्रम साधारणपणे तोच असतो.

मी उघडलेही नाहीत, ते फोटो आणि व्हिडिओ माझा डेटा कसा वापरतात?

व्हॉट्सॲपवर फोटो किंवा व्हिडिओ येतो तेव्हा प्रत्यक्षात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. आधी एक छोटा संदेश येतो, ज्यात त्या चित्राची अगदी लहान, धूसर प्रतिमा आणि मूळ फाइल कुठून आणायची याची माहिती असते. हा संदेश काही केबींचाच असतो आणि तो आला नाही तर आपल्याला काही आले आहे हेसुद्धा कळणार नाही. त्यानंतर मूळ फाइल सर्व्हरवरून फोनमध्ये आणली जाते. ही दुसरी पायरी आपण बोट लावल्यावर व्हावी की आपोआप, एवढेच मीडिया ऑटो-डाउनलोडचे सेटिंग ठरवते.

ते चालू असेल तर आपण गट उघडला काय आणि न उघडला काय, फाइल येतेच. एकाच सत्संगाचा व्हिडिओ गावच्या गटात, भावकीच्या गटात आणि शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात आला, तर त्यातला एकही न बघता त्याचे वजन आपल्या रोजच्या मर्यादेतून वजा होऊ शकते. सेटिंग बंद केल्यावर मात्र धूसर चित्रावर खाली जाणारा बाण आणि फाइलचा आकार दिसतो. माझ्या मते या सेटिंगचा सर्वांत मोठा लाभ हा आकडाच आहे, कारण 240 केबी आणि 28 एमबी यांतला फरक डोळ्यांसमोर असला की बोट आपोआप थबकते.

हे सेटिंग नेमके कुठे आहे आणि ते कसे बदलायचे?

व्हॉट्सॲप उघडून वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर बोट ठेवावे आणि Settings मध्ये जावे. तेथे Storage and data हा पर्याय उघडल्यावर खाली Media auto-download असे शीर्षक दिसते आणि त्याखाली तीन ओळी असतात : When using mobile data, When connected on Wi-Fi आणि When roaming. प्रत्येक ओळीवर बोट ठेवले की Photos, Audio, Videos आणि Documents अशा चार चौकटी असलेली छोटी खिडकी उघडते.

When using mobile data उघडून चारही चौकटींतील खुणा काढाव्यात आणि OK दाबावे. OK न दाबता मागे गेल्यास बदल टिकत नाही. आपण बंद केले होते तरी पुन्हा चालू झाले, अशी तक्रार पुष्कळदा एवढ्याशा कारणाने येते. बदल टिकला की त्या ओळीखाली No media असे लिहिलेले दिसते. When roaming या ओळीखालीही तेच दिसत आहे ना, याची त्याच वेळी खात्री करून घ्यावी.

फोन बदलल्यावर, किंवा व्हॉट्सॲप काढून पुन्हा टाकल्यावर, हे पान नव्याने तपासावे. मूळ मांडणीत मोबाईल डेटावर फोटो आपोआप डाउनलोड होतात आणि वाय-फायवर सर्व काही डाउनलोड होते.

फोटो तरी चालू ठेवावेत का? ते लहान असतात.

एकेक फोटो लहान असतो हे खरे आहे. व्हॉट्सॲप नेहमीच्या दर्जात पाठवलेला फोटो दाबून लहान करते, त्यामुळे तो सहसा शंभर ते तीनशे केबींच्या आसपास राहतो. रोज वीस-पंचवीस फोटो येणाऱ्या व्यक्तीला तो चालू ठेवण्यात काहीच अडचण नाही, कारण पंचवीस फोटोंचे मिळून आठ एमबीसुद्धा होत नाहीत.

हिशेब बिघडतो तो दोन कारणांनी. पहिले कारण गटांची संख्या. एका गटात 1024 पर्यंत सदस्य असू शकतात, आणि एखाद्या सणाच्या सकाळी अशा पाच-सहा गटांतून शुभेच्छांचे तीन-चारशे फोटो येणे अजिबात अवघड नाही. दुसरे कारण असे की 2023 पासून व्हॉट्सॲपवर एचडी दर्जाचा फोटो पाठवता येतो आणि तो नेहमीच्या फोटोपेक्षा कित्येक पट जड असू शकतो. म्हणून ज्यांचे गट मोजकेच आहेत त्यांनी फोटो चालू आणि बाकी तिन्ही बंद ठेवावे; ज्यांचे गट पुष्कळ आहेत त्यांनी चारही बंद ठेवावे. व्हिडिओ आणि दस्तऐवज मात्र मोबाईल डेटावर आपोआप डाउनलोड होऊ देणे मला कोणत्याच परिस्थितीत योग्य वाटत नाही. दस्तऐवज म्हणून पाठवलेली फाइल 2 जीबीपर्यंतची असू शकते आणि लग्नाचा व्हिडिओ मूळ दर्जात मिळावा म्हणून लोक तो नेमका याच मार्गाने पाठवतात.

चारही खुणा काढल्या, तरी व्हॉइस मेसेज आपोआप डाउनलोड होतात. काही चुकले का?

काही चुकलेले नाही. बोलून पाठवलेले व्हॉइस मेसेज नेहमीच आपोआप डाउनलोड होतात आणि त्यांना थांबवणारी चौकट व्हॉट्सॲपमध्ये नाही. Audio ही चौकट गाणी किंवा ध्वनिफितींच्या फाइलींसाठी आहे. बोलण्याचा आवाज पुष्कळ दाबून पाठवला जात असल्यामुळे मिनिटभराचा व्हॉइस मेसेज एखाद्या साध्या फोटोएवढाच भरतो, त्यामुळे त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

मी Media visibility बंद केले आहे. तेवढे पुरेसे नाही का?

नाही, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. Media visibility हे सेटिंग Chats या भागात असते आणि डाउनलोड झालेली फाइल फोनच्या गॅलरीत दिसावी की नाही, एवढेच ते ठरवते. ते बंद केल्यावर गॅलरी मोकळी दिसते, म्हणून काही येतच नाही असे वाटते. प्रत्यक्षात डेटा खर्च होऊन फाइल फोनमध्ये आलेलीच असते. खात्री करायची असेल तर फोनच्या फाइल मॅनेजरमधून पुढील जागा उघडून पाहावी.

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/
```

त्यातल्या WhatsApp Video या फोल्डरमध्ये किंवा त्याच्या आतील Private या फोल्डरमध्ये आपण कधीही न उघडलेले व्हिडिओ आजच्या तारखेचे दिसले, तर ऑटो-डाउनलोड अजून चालू आहे असे समजावे.

सेटिंग बदलले, तरीही दुपारपर्यंत डेटा संपतो. कारण कसे शोधावे?

यासाठी व्हॉट्सॲपमध्येच एक हिशेबाचे पान आहे. Storage and data मध्ये Network usage उघडले की पाठवलेला आणि आलेला डेटा Calls, Media, Google Drive, Messages, Status अशा ओळींत वेगवेगळा दाखवलेला असतो. हे आकडे पूर्वीपासून साठत आलेले असल्यामुळे आजचा खर्च त्यांतून कळत नाही. म्हणून पानाच्या तळाशी असलेले Reset statistics दाबून सर्व आकडे शून्यावर आणावेत आणि बरोबर चोवीस तासांनी पान पुन्हा उघडावे.

माझ्या मावशीच्या फोनवर मी हेच केले होते. ती सातारा जिल्ह्यात माण तालुक्यातील एका गावात राहते, घरी वाय-फाय नाही आणि रिचार्ज रोज दीड जीबीचा आहे. तिची तक्रार डेटाची नव्हतीच. संध्याकाळी लेकीशी बोलताना आवाज तुटतो, चेहरा थिजतो आणि शेवटी फोन ठेवून द्यावा लागतो, असे तिचे म्हणणे होते आणि दोष ती गावातल्या टॉवरला देत होती. एका संध्याकाळी सात वाजता आकडे शून्यावर आणले आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता पाहिले, तेव्हा Media या ओळीत आलेला डेटा 700 एमबींच्या थोडा वर होता आणि Google Drive या ओळीत पाठवलेला डेटा 300 एमबींच्या पुढे गेला होता. तिचे स्वतःचे बोलणे, म्हणजे Calls ची ओळ, या दोन्हींपुढे अगदीच किरकोळ होती.

पहिल्या ओळीचे कारण सरळ होते : कोणीतरी कधीतरी मोबाईल डेटाखालच्या चारही चौकटींत खुणा करून ठेवल्या होत्या. दुसरी ओळ मात्र मलाही अनपेक्षित होती. व्हॉट्सॲपचा बॅकअप रोज घेतला जात होता, त्यात व्हिडिओ धरलेले होते आणि मोबाईल डेटावर बॅकअप घेण्याची परवानगीही दिलेली होती. म्हणजे जो व्हिडिओ तिने पाहिलाही नव्हता तो एकदा फोनमध्ये येताना आणि पुन्हा एकदा बॅकअपसाठी वर जाताना, असा दोनदा तिच्या डेटातून जात होता. बॅकअप सहसा रात्री घेतला जातो. रोजची मर्यादा मध्यरात्री नव्याने सुरू होते. त्यामुळे ती सकाळी उठेपर्यंतच दिवसाच्या डेटाचा पाचवा हिस्सा संपलेला असे.

चारही खुणा काढल्या आणि बॅकअपची परवानगी बंद केली. पुढच्या चोवीस तासांत Media ची ओळ 40 एमबींच्या आत राहिली आणि Google Drive ची ओळ शून्यावर. त्या संध्याकाळी लेकीशी पाऊण तास बोलणे झाले. टॉवर तोच होता.

बॅकअपचे ते सेटिंग कुठे असते?

Settings मधून Chats आणि त्यातून Chat backup उघडावे. तेथे मोबाईल डेटावर बॅकअप घेण्याविषयीचे बटण असते, ते बंद करावे, आणि Include videos हे बटणही बंद करावे. ज्यांना वाय-फाय मिळतच नाही त्यांनी बॅकअप पूर्ण बंद करू नये, कारण फोन हरवल्यास संभाषणेही जातील. व्हिडिओ वगळून महिन्यातून एकदा, रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवसाचा डेटा उरलेला असेल तेव्हा, मोबाईल डेटाची परवानगी तेवढ्यापुरती चालू करून, स्वतः Back up दाबून तो घ्यावा आणि परवानगी पुन्हा बंद करावी.

याच जातीचा आणखी एक खर्च Network usage च्या पानावर दिसत नाही, कारण तो व्हॉट्सॲपच्या खात्यावर पडत नाही. गूगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपच्या फोल्डरचा बॅकअप चालू असेल आणि त्याला मोबाईल डेटा वापरण्याची परवानगी असेल, तर आलेला प्रत्येक फोटो तेथेही वर चढवला जातो. फोनच्या मुख्य सेटिंग्जमध्ये ॲपनिहाय डेटावापराची यादी पाहिली की हे लगेच उघडकीस येते.

बाण न दाबता सोडून दिलेला फोटो नंतर मिळतो का?

काही काळ मिळतो. फाइल सर्व्हरवर कायमची ठेवलेली नसते, त्यामुळे काही आठवड्यांनी बाण दाबल्यावर ती उपलब्ध नसल्याचा आणि पाठवणाऱ्याकडून पुन्हा मागवून घेण्याचा संदेश येऊ शकतो. लग्नपत्रिका, दवाखान्याचे अहवाल, सातबाऱ्याची प्रत अशा कामाच्या गोष्टी म्हणूनच आल्या त्या दिवशीच डाउनलोड कराव्यात.

रोजची मर्यादा संपली तरी नेट पूर्ण बंद होत नाही. मग व्हॉट्सॲप इतके का अडखळते?

भारतातील रोजच्या मर्यादेच्या बहुतेक योजनांमध्ये मर्यादा संपल्यावर वेग 64 केबीपीएसवर आणला जातो. हा आकडा बिटचा आहे. आठाने भागले की सेकंदाला 8 केबी येतात. म्हणजे दोनशे केबींच्या एका फोटोला 25 सेकंद लागतात, एका एमबीला दोन मिनिटांहून थोडे अधिक आणि 15 एमबींच्या व्हिडिओला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ.

अशा वेळी ऑटो-डाउनलोड चालू असेल तर तो एक व्हिडिओ ही अरुंद वाट अडवून बसतो आणि मागून येणारे साधे संदेशही त्याच्यामागे रखडतात. मोठी फाइल अर्धवट येऊन तुटली की ती आणण्याचा प्रयत्न पुन्हा होतो आणि वाट पुन्हा अडते. ऑटो-डाउनलोड बंद असेल तर याच 64 केबीपीएसवर लिखित संदेश अगदी व्यवस्थित ये-जा करतात, आणि पुढच्या उत्तरात दिसेल त्याप्रमाणे आवाजी कॉलही लागू शकतो. मर्यादा संपल्यावर व्हॉट्सॲप चालतच नाही असे ज्यांचे मत झालेले आहे, त्यांनी चारही खुणा काढून एकदा हे करून पाहावे.

व्हॉट्सॲपच्या कॉलला नेमका किती डेटा लागतो?

येथे थोडा हिशेब करून पाहणे उपयोगाचे आहे, कारण त्यावरून कुठे बचत होईल आणि कुठे होणार नाही हे आपोआप स्पष्ट होते.

आवाज सलग पाठवला जात नाही, त्याचे बारीक तुकडे करून पाठवले जातात. एक तुकडा 20 मिलिसेकंदांचा धरला तर सेकंदाला पन्नास तुकडे होतात. इंटरनेटवरील कॉलसाठी 24 केबीपीएसचा आवाज चांगला स्पष्ट असतो आणि तो सेकंदाला 3 केबी भरतो. पण प्रत्येक तुकड्यावर, पाकिटावर पत्ता असतो तसा, पत्ता आणि क्रमांक लिहिलेला असतो आणि त्याचे वजन साधारण 40 बाइट असते. पन्नास पाकिटांचे मिळून हे सेकंदाला 2 केबी होतात. म्हणजे एका दिशेला 5 केबी. आपले बोलणे जाते तसे समोरच्याचे येतेही, आणि कंपनी दोन्ही दिशांचा डेटा मोजते, म्हणून सेकंदाला 10 केबी, मिनिटाला 600 केबी आणि अर्ध्या तासाला 18 एमबी.

आता व्हिडिओ पाहू. फोनच्या पडद्यावर बरा दिसणारा चेहरा 500 केबीपीएस धरला, तर दोन्ही दिशांना मिळून मिनिटाला साडेसात एमबी आणि अर्ध्या तासाला 225 एमबी होतात. प्रत्यक्ष आकडा नेटवर्कप्रमाणे कमीजास्त होतो, कारण ॲप उपलब्ध वेगानुसार दर्जा सतत बदलत असते. परंतु आवाज आणि चित्र यांच्यातील हे दहा-बारा पटींचे अंतर कायम राहते. म्हणून कॉलचा डेटा वाचवण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे कॅमेरा बंद करणे हाच आहे. पहिली दोन मिनिटे एकमेकांना पाहून घ्यावे, नातवाचा चेहरा दिसला की कॅमेऱ्याच्या चिन्हावर बोट ठेवावे आणि पुढचे बोलणे आवाजावर चालू ठेवावे. आपण कॅमेरा बंद केला तरी समोरच्याचे चित्र येतच राहते, म्हणून त्यांनाही तो बंद करायला सांगितले पाहिजे. नाहीतर बचत अर्धीच होते.

या हिशेबातून मर्यादा संपल्यानंतरचा प्रश्नही सुटतो. 64 केबीपीएसच्या वाटेवर एका दिशेला सेकंदाला 8 केबींची जागा असते आणि आवाजाला त्यातली सुमारे 5 लागते. कॉल बसतो, पण उरलेली जागा तीनच केबींची असते. तेवढ्यात एखादा फोटो आपोआप डाउनलोड होऊ लागला की आवाज तुटू लागतो. मावशीच्या कॉलचे नेमके हेच होत होते.

Use less data for calls हे बटण काय करते?

Storage and data याच पानावर हे बटण असते. ते चालू केल्यावर ॲप कॉलसाठी कमी डेटा वापरते, म्हणजे कॉलचा दर्जा कमी ठेवते. व्हिडिओ कॉलमध्ये चित्र थोडे मऊ आणि पुसट दिसते. आवाजी कॉलमध्ये आवाज किंचित दबका वाटू शकतो.

आवाजी कॉलमध्ये बचतीला एक तळ असतो. वरच्या हिशेबात पत्त्यांचेच 2 केबी होते. आवाज कितीही दाबला तरी पाकिटे जोवर तेवढीच जातात तोवर हे वजन हटत नाही. त्यामुळे या बटणाकडून आवाजी कॉलमध्ये फार मोठ्या बचतीची अपेक्षा ठेवू नये. व्हिडिओ कॉलमध्ये कमी करायला जागा अधिक असते.

आपल्या फोनवर त्याचा किती उपयोग होतो हे पडताळणे सोपे आहे. Reset statistics दाबून, बटण बंद ठेवून, एकाच व्यक्तीशी घड्याळ लावून दहा मिनिटे बोलावे आणि Calls ची ओळ लिहून ठेवावी. मग पुन्हा आकडे शून्यावर आणून, बटण चालू करून, त्याच जागी बसून तेवढाच वेळ बोलावे. पाठवलेला आणि आलेला असे दोन्ही आकडे पाहावेत. समोरच्या व्यक्तीनेही आपल्या फोनवर बटण चालू करून तिसऱ्यांदा मोजले तर चित्र अधिक स्पष्ट होते. जेथे नेटवर्क मुळातच कमजोर आहे तेथे ॲपने दर्जा आधीच खाली आणलेला असतो, आणि तेथे या दोन मोजण्यांत फरक फारसा दिसत नाही.

देशातल्या देशात बोलायचे असेल आणि रिचार्जमध्ये अमर्याद कॉल असतील, तर साध्या फोननेच बोलावे, असे मी नेहमी सुचवतो. तो कॉल डेटाच्या रोजच्या मर्यादेत मोजला जात नाही.

गटातील कॉलला अधिक डेटा लागतो का?

व्हिडिओ असेल तर लागतो, कारण आपले चित्र एकदाच वर जाते, पण खाली येताना पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाचे वेगळे चित्र आणावे लागते. व्हॉट्सॲपच्या कॉलमध्ये 32 जणांपर्यंत सहभागी होता येते. भावंडांच्या अशा कॉलमध्ये बसण्यापूर्वी तो आवाजावरच सुरू करण्याची विनंती केलेली बरी.

दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर एवढा डेटा का गेला?

हॉटस्पॉटला जोडलेल्या फोनला समोर वाय-फायच दिसते, त्यामुळे त्याच्यावर When connected on Wi-Fi ही ओळ लागू होते, आणि तेथे मूळ मांडणीत चारही खुणा असतात. एस.टी.त किंवा दवाखान्यात मुलाच्या फोनवरून आईच्या फोनला नेट दिले की आईच्या फोनवर साठलेले सगळे व्हिडिओ मुलाच्या डेटावर डाउनलोड होऊ लागतात. ज्यांना घरचे वाय-फाय नाही, म्हणजे ज्यांचे वाय-फाय हे कोणाचे तरी हॉटस्पॉटच असते, त्यांनी दुसऱ्या ओळीतील चारही खुणासुद्धा काढून टाकाव्यात. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडून त्यावर व्हॉट्सॲप वापरत असाल, तर संगणकावरील ॲपचे ऑटो-डाउनलोड वेगळे असते आणि फोनवरचा बदल तेथे लागू होत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

फोनच्या सेटिंगमधून व्हॉट्सॲपचा Background data बंद केला तर काम सोपे होणार नाही का?

डेटा वाचेल, पण त्याची किंमत मोठी आहे. ॲप उघडलेले नसताना त्याला मोबाईल डेटा मिळणार नाही, त्यामुळे संदेश आल्याचे कळणार नाही आणि कॉलची घंटीही वाजणार नाही. ॲप उघडले की मगच सगळे एकदम येईल. फोनचा Data Saver चालू केल्यावरही असेच होऊ शकते. तो चालू ठेवायचाच असेल, तर त्यातील Unrestricted data च्या यादीत व्हॉट्सॲपला सूट द्यावी आणि डेटा वाचवण्याचे काम व्हॉट्सॲपच्या आतील चार चौकटींवरच सोपवावे. वयस्कर माणसांच्या फोनवर तर हा उपाय करूच नये, कारण गरजेच्या वेळी आलेला कॉल त्यांना कळला पाहिजे.

आयफोनवर हे कसे करायचे?

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमधील Storage and Data मध्येच जावे. फरक एवढाच की येथे आधी फोटो, ऑडिओ, व्हिडिओ, दस्तऐवज असे प्रकार दिसतात आणि प्रत्येकासाठी कधीच नाही, फक्त वाय-फायवर किंवा दोन्हींवर, यांपैकी एक निवडावे लागते. कॉलचे बटणही त्याच पानावर आहे.

टेलिग्राम आणि सिग्नल यांचे काय?

सिग्नलमधील मांडणी व्हॉट्सॲपसारखीच आहे. Data and storage मध्ये मोबाईल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग अशा तीन ओळी असतात, आणि कॉलसाठी कमी डेटा कधी वापरायचा हे निवडताना फक्त मोबाईल डेटावर असा पर्यायही मिळतो. हा पर्याय मला व्हॉट्सॲपच्या बटणापेक्षा अधिक सोयीचा वाटतो, कारण वाय-फायवर असताना दर्जा कमी होत नाही.

टेलिग्राममध्ये Data and Storage उघडून Automatic media download मधील मोबाईल डेटाच्या ओळीवर जावे. तेथे फोटो, व्हिडिओ आणि फाइली वेगवेगळ्या बंद करता येतात. शिवाय ओळखीच्या व्यक्ती, खासगी संभाषणे, गट आणि चॅनेल यांच्यासाठी वेगळे नियम लावता येतात आणि व्हिडिओंसाठी आकाराची कमाल मर्यादाही ठरवता येते. टेलिग्रामवर खरा खर्च चॅनेलांचा असतो, म्हणून तिथले व्हिडिओ आणि फाइली सर्वांत आधी बंद कराव्यात. टेलिग्रामच्या नेहमीच्या संभाषणांतील फाइली त्याच्या सर्व्हरवर राहतात, त्यामुळे आज न उतरवलेली फाइल सहा महिन्यांनीही मिळू शकते, जे व्हॉट्सॲपवर गृहीत धरता येत नाही.

परदेशी जाताना आणखी काय तपासावे?

When roaming या ओळीखाली No media आहे हे विमानतळावर पोहोचण्यापूर्वीच पाहावे आणि Chat backup मधील मोबाईल डेटाची परवानगी बंद असल्याची खात्री करावी. एक बारकावा असा की तेथे पोहोचून स्थानिक सिम घातले तर फोनच्या दृष्टीने ते रोमिंग राहत नाही, नेहमीचा मोबाईल डेटा होतो आणि मग पहिली ओळ लागू होते. म्हणून मुलांकडे काही महिन्यांसाठी निघालेल्या आई-वडिलांच्या फोनवर पहिली आणि तिसरी, अशा दोन्ही ओळींतील चारही खुणा काढूनच फोन त्यांच्या हाती द्यावा.